यंत्र विकलं, तरी खात्यावर 2,70,000 शिल्लक कशी?

प्रश्न: आमच्या छोट्या छपाई कारखान्याचे हिशेब मी लिहिते. आमचं हिशेबाचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. एक यंत्र वाहतूक, पाया आणि बसवणूक धरून 5,00,000 रुपयांना पडलं आणि 1 जुलैपासून चालू झालं. सहा वर्षं चालेल आणि शेवटी 50,000 येतील, असं धरून वर्षाला 75,000 घसारा ठरवला. पहिल्या वर्षी नऊ महिन्यांचे 56,250 लावले, पुढची दोन वर्षं पुरे 75,000. चौथ्या वर्षी 30 सप्टेंबरला ते यंत्र 2,30,000 ला विकलं. मी बँक खातं नावे आणि यंत्र खातं जमा अशी नोंद केली. आता यंत्र गेलं तरी यंत्र खात्यावर 2,70,000 शिल्लक दिसते आणि संचित घसारा खात्यावर 2,06,250 जमा दिसतात. तेरीज मात्र जुळते. एक भागीदार म्हणतात, हे 2,06,250 साठलेलेच आहेत, त्यात विक्रीचे पैसे घालून नवं यंत्र घेऊ. दुसरे म्हणतात, दोन्ही खात्यांतल्या फरकाचे 63,750 तोट्यात टाका आणि विषय संपवा. मी काय करू?

उत्तर: आधी त्या 2,70,000 कडे बघू, कारण तुम्हाला चुकीचा वाटणारा हा आकडाच या सगळ्या हिशेबाचा गाभा आहे. यंत्रासाठी 5,00,000 गेले, विकून 2,30,000 परत आले. म्हणजे ते यंत्र जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, एकूण 39 महिने वापरण्यासाठी तुमच्या कारखान्याला 2,70,000 रुपये खर्च आला. हा खर्च झाला हे नक्की. आता प्रश्न एवढाच उरतो, की तो कोणत्या वर्षाच्या नफ्यातून किती वजा झाला आणि किती व्हायचा आहे. मागच्या तीन वर्षांत 56,250 अधिक 75,000 अधिक 75,000, म्हणजे 2,06,250 वजा झाले आहेत. उरले 63,750. ते चालू वर्षाचे. तेव्हा तुमच्या दुसऱ्या भागीदारांची बेरीज बरोबर आहे, पण त्यांनी सुचवलेली वाट चुकीची आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

घसाऱ्याचं काम एवढंच आहे. तीन वर्षांच्या विम्याचा हप्ता एकदम भरला, तर त्याचा सगळा खर्च आपण पहिल्या वर्षावर टाकत नाही. ज्या वर्षाला जितकं विमा संरक्षण मिळालं, त्या वर्षावर तितका खर्च टाकतो. यंत्राची किंमत म्हणजे असाच आगाऊ भरलेला खर्च. फरक असा, की विम्याची मुदत कागदावर लिहिलेली असते आणि यंत्राची मुदत आपल्याला अंदाजाने ठरवावी लागते. शेवटी हातात किती येणार, हाही अंदाजच. म्हणून घसाऱ्याच्या आकड्यात तीन गोष्टी असतात: एक पक्की, म्हणजे एकूण किंमत, आणि दोन अंदाजाच्या, म्हणजे उपयुक्त आयुष्य आणि आयुष्याच्या शेवटी येणारी किंमत.

त्यातली पक्की गोष्ट तुम्ही बरोबर धरली आहे. यंत्राची किंमत म्हणजे नुसती बिलावरची रक्कम नव्हे. यंत्र आपल्या जागेवर काम करण्याच्या स्थितीत येईपर्यंत त्याच्यासाठी म्हणून जो आवश्यक खर्च होतो, तो त्याच्या किमतीत जातो: आणण्याचं भाडं, वाटेतला विमा, पाया, वीजजोडणी, बसवणूक, चाचणी. खरेदीवरचा जो कर आपल्याला परत मिळतो किंवा वळता करून घेता येतो, तो किमतीत धरायचा नाही. जो परत मिळत नाही, तो धरायचा. कामगारांना यंत्र शिकवण्याचा खर्च, पुढचा वार्षिक विमा, तेल-पट्टे आणि नेहमीची दुरुस्ती हे सगळं त्या त्या वर्षाच्या खर्चात जातं.

इथे फार जणांची गाडी रुळावरून घसरते. समजा, तुमच्या 5,00,000 पैकी 4,60,000 यंत्राचं बिल होतं आणि वाहतूक, पाया, बसवणूक मिळून 40,000. हे 40,000 सरळ वाहतूक खर्च आणि दुरुस्ती खर्च या खात्यांना टाकले असते, तर ते सगळेच्या सगळे पहिल्याच वर्षाच्या नफ्यातून गेले असते. प्रत्यक्षात त्या वर्षाच्या वाट्याला 40,000 चे 72 भाग करून त्यातले नऊ, म्हणजे फक्त 5,000 येतात. पहिल्या वर्षीचा नफा 35,000 ने कमी दिसला असता आणि पुढचं प्रत्येक पूर्ण वर्ष सुमारे 6,667 ने अधिक फायद्याचं वाटलं असतं. कारखाना तोच, छपाई तीच, तरी दुसऱ्या वर्षी सुधारणा झाली असं वाटून कुणी छपाईचे दर कमी केले असते.

आता महिन्याचा हिशेब. 5,00,000 मधून शेवटी येणारे 50,000 वजा केले की वाटून टाकायची रक्कम 4,50,000 राहते. सहा वर्षांचे महिने 72. म्हणून महिन्याला 6,250 आणि वर्षाला 75,000. पहिल्या वर्षी जुलै ते मार्च हे नऊ महिने, म्हणून 56,250. सुरुवात बिलाच्या तारखेपासून करायची नाही आणि पैसे दिल्याच्या तारखेपासूनही नाही. यंत्र वापरायला तयार झालं, तो दिवस धरायचा. बिल मे महिन्यातलं असेल आणि पाया सुकायला, जोडणीला जून संपला असेल, तर मे-जूनचा घसारा लागत नाही. उलट, एकदा यंत्र तयार झाल्यावर कामाअभावी दोन महिने उभं राहिलं, तरी तुमच्यासारख्या, दरवर्षी सारखाच घसारा लावायच्या सरळ रेषा पद्धतीत त्या दोन महिन्यांचा घसारा थांबत नाही. उभ्या यंत्राचंही आयुष्य सरतंच, आणि तंत्र जुनं होणं काही थांबत नाही. उत्पादनाच्या नगांवर घसारा बसवण्याची वेगळी पद्धत आहे. तिच्यात मात्र नग शून्य तर घसाराही शून्य होऊ शकतो.

महिन्याच्या मधल्याच तारखेला खरेदी किंवा विक्री झाली, तर दिवसांवर मोजायचं की पूर्ण महिना धरायचा, हे एकदा ठरवून ठेवा आणि सगळ्या यंत्रांना तोच नियम लावा. तुमच्या बाबतीत दोन्ही तारखा महिन्याच्या टोकाला आल्या आहेत, त्यामुळे ही अडचण नाही.

आता खतावणी. तुम्ही दरवर्षी घसारा यंत्र खात्यातून थेट कमी केला नाही, संचित घसारा हे वेगळं खातं ठेवलं. ही चांगली सवय आहे. यंत्र खात्यावर मूळ किंमत जशीच्या तशी राहते, संचित घसारा खात्यावर आजवर किती भाग खर्चात गेला ते दिसतं, आणि ताळेबंदात एकातून दुसरं वजा करून पुस्तकी किंमत दाखवता येते. मागच्या 31 मार्चला ती 5,00,000 वजा 2,06,250, म्हणजे 2,93,750 होती. हा बाजारभाव नव्हे. अजून खर्चात न गेलेला भाग म्हणजे ही रक्कम. बाजारात त्या दिवशी यंत्राला 3,20,000 मिळाले असते की 2,50,000, याचा या आकड्याशी थेट संबंध नाही. बाजारभाव जास्त आहे म्हणून त्या वर्षीचा घसारा गाळायचा, ही चूक अनेक वह्यांमध्ये सापडते. (बाजारभाव आणि वापरातून मिळणारं मूल्य दोन्ही पुस्तकी किमतीच्या खाली गेले, तर पुस्तकी किंमत उतरवावी लागते, पण तो वेगळा प्रसंग.)

दोन खाती ठेवण्याची एक अट मात्र आहे, आणि तीच तुमच्याकडून राहिली. यंत्र गेलं की दोन्ही खात्यांवरून त्याचं नाव पुसलं गेलं पाहिजे. तुम्ही फक्त विक्रीची रक्कम यंत्र खात्याला जमा केली. विकलं गेलं ते 5,00,000 मूळ किमतीचं अख्खं यंत्र, आणि खात्यातून बाहेर पडले 2,30,000. तेरजेला हे कळत नाही, कारण नावे आणि जमा दोन्ही बाजूंना 2,30,000 च पडले. तेरीज जुळली म्हणजे रकमा दोन्हीकडे सारख्या आहेत एवढंच ठरतं. नोंद पूर्ण आहे की नाही, हे ती सांगत नाही. तशीच पुस्तकं बंद केली असती, तर ताळेबंदात 2,70,000 वजा 2,06,250, म्हणजे 63,750 रुपये किमतीचं, कारखान्यात नसलेलं यंत्र दिसलं असतं. शिवाय पुढच्या मार्चला संगणकाने किंवा तुम्ही सवयीने त्याच्यावर पुन्हा घसारा लावला असता.

दुरुस्तीसाठी जुनी नोंद खोडू नका. बँक खातं नावे 2,30,000, यंत्र खातं जमा 2,30,000 ही नोंद राहू द्या. तिच्यापुढे तीन नोंदी घाला. पहिली, एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांच्या घसाऱ्याची. यंत्र विकलं म्हणून त्या वर्षीचा घसारा सोडून देतात, पण सहा महिने त्याने काम केलं आहे.

घसारा खाते नावे 37,500
संचित घसारा खाते जमा 37,500

आता संचित घसारा 2,06,250 वरून 2,43,750 झाला. 39 महिने गुणिले 6,250 करून बघा, हाच आकडा येतो. इथे ताळा जमत नसेल तर पुढे जाऊ नका, आधीच्या एखाद्या वर्षी महिने मोजण्यात चूक झालेली असते. दुसऱ्या नोंदीने या यंत्राचा सगळा संचित घसारा त्या खात्यातून काढून यंत्र खात्यात न्यायचा.

संचित घसारा खाते नावे 2,43,750
यंत्र खाते जमा 2,43,750

ही नोंद केली की संचित घसारा खात्यावर या यंत्राचं काही उरत नाही, आणि यंत्र खात्यावरच्या 2,70,000 मधून 2,43,750 गेले की 26,250 उरतात. हाच विक्रीवरचा तोटा. विकताना पुस्तकी किंमत 5,00,000 वजा 2,43,750, म्हणजे 2,56,250 होती आणि आले 2,30,000. फरक पुन्हा 26,250. दोन वाटांनी एकच आकडा आला, म्हणजे हिशेब बसला.

यंत्र विक्रीवरील तोटा खाते नावे 26,250
यंत्र खाते जमा 26,250

यंत्र खातं शून्य झालं. वर्षाअखेर घसारा खातं आणि तोटा खातं दोन्ही नफा-तोटा खात्यात बंद होतील. प्रत्येक नोंदीखाली स्पष्टीकरण लिहा आणि त्यात यंत्राचा क्रमांक, विक्रीची तारीख आणि विक्रीच्या पावतीचा क्रमांक घाला. पुढे हिशेब तपासणारा माणूस हीच ओळ शोधतो.

दुसऱ्या भागीदारांच्या सूचनेत चूक कुठे, ते आता दिसेल. 37,500 अधिक 26,250 म्हणजेच 63,750. वर्षाच्या निव्वळ नफ्यावर परिणाम तोच होतो, म्हणून त्यांना वाटतं की वाट कोणतीही घेतली तरी चालेल. पण 37,500 हा छपाईचा खर्च आहे. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये जी कामं छापली, त्यांच्या खर्चात तो मोजला गेला पाहिजे. सगळंच तोट्यात ढकललं, तर त्या सहा महिन्यांची छपाई यंत्राच्या खर्चाशिवाय झाली असं दिसेल आणि यंत्र मात्र फार पडेल भावाने विकलं गेलं असं वाटेल. पुढच्या यंत्राचं आयुष्य ठरवताना 63,750 चा तोटा बघून तुम्ही घाबरून चारच वर्षं धराल. खरा फरक 26,250 चा आहे. तो 39 महिन्यांवर पसरवला तर महिन्याला 673 च्या आसपास येतो. तुमचा मूळ अंदाज तेवढाच चुकला होता.

म्हणून या तोट्याकडे विक्रीतला तोटा म्हणून बघण्यापेक्षा घसाऱ्याच्या अंदाजाची उशिरा झालेली दुरुस्ती म्हणून बघणं जास्त उपयोगाचं. महिन्याला 6,250 हे यंत्राच्या खर्चाला थोडे कमी पडत होते. जे कमी पडलं, ते शेवटच्या दिवशी एकदम आलं. यंत्र विकून नफा झाला असता, तर आधीच्या वर्षांत घसारा गरजेपेक्षा जास्त लागला, असा अर्थ निघाला असता. त्या नफ्याला छपाईच्या उत्पन्नात मिसळायचं नाही, तो वेगळाच दाखवायचा.

ही दुरुस्ती आधीही करता आली असती. समजा, तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच तुम्हाला ठाऊक झालं असतं, की हे यंत्र आणखी 18 महिनेच ठेवायचं आहे आणि तेव्हा त्याचे 2,30,000 येतील. त्या दिवशी पुस्तकी किंमत 3,68,750 होती. त्यातून 2,30,000 गेले की 1,38,750 उरतात. ते 18 महिन्यांत वाटले की महिन्याला सुमारे 7,708 येतात. त्या वर्षापासून पुढे हा आकडा लावायचा, मागच्या वर्षांना हात लावायचा नाही. शेवटी तोटा शून्य झाला असता आणि तेच 26,250 अठरा महिन्यांत सारखे विभागले गेले असते. दर वर्षअखेरीला घसाऱ्याची नोंद करण्याआधी प्रत्येक मोठ्या यंत्राबद्दल छपाई विभागाला दोन प्रश्न विचारून घ्या: हे आणखी किती चालेल आणि तेव्हा त्याचं काय येईल? उत्तर बदललं असेल तरच गणित बदला. मागे बेरजेची चूक झाली असेल किंवा एखाद्या वर्षी घसारा लावायचाच राहून गेला असेल, तर तो अंदाजातला बदल ठरत नाही. ती जुन्या वर्षाची चूक असते आणि तिची दुरुस्ती तशीच वेगळी दाखवावी लागते.

आता पहिल्या भागीदारांचे 2,06,250. त्यांना एक गोष्ट करायला सांगा. घसाऱ्याच्या तिन्ही वर्षांच्या नोंदी काढून त्यात बँक किंवा रोकड खातं कुठे येतं ते शोधायला सांगा. सापडणार नाही. एका बाजूला घसारा, दुसऱ्या बाजूला संचित घसारा. पैसा हलला तो फक्त दोनदा: खरेदीच्या वेळी 5,00,000 गेले आणि विक्रीच्या वेळी 2,30,000 आले. संचित घसारा खात्यावर जमा शिल्लक असते, पण तिच्यामागे तिजोरी नसते. ती यंत्राच्या मूळ किमतीतून वजा करायची रक्कम आहे.

तरीही त्यांच्या मनात जी कल्पना आहे, तिला थोडा आधार आहे, आणि तो समजून घ्यायला हवा. घसारा वजा करून उरलेला नफाच भागीदारांनी उचलला असेल, तर घसाऱ्याइतकी रक्कम उचलली गेली नाही, ती व्यवसायात राहिली. कारखान्याने एखाद्या वर्षी घसाऱ्याआधी 3,00,000 कमावले आणि ते सगळे रोखीने वसूल झाले असं धरा. 75,000 घसारा गेल्यावर नफा 2,25,000. भागीदारांनी तेवढेच घेतले, तर 75,000 मागे राहतात. पण कुठे? कागदाच्या साठ्यात, गिऱ्हाइकांच्या उधारीत, कर्जाच्या फिटलेल्या हप्त्यात किंवा बँकेत. पहिल्या तीन ठिकाणी असतील, तर ते नव्या यंत्रासाठी तुम्हाला आज उचलता येणार नाहीत. तेव्हा नवं यंत्र घ्यायच्या आधी संचित घसारा खातं बाजूला ठेवा आणि बँकेची शिल्लक, येणं आणि देणं मांडा. खरेदीला किती पैसा मोकळा आहे, हे तिथे कळेल. सध्या हातात नक्की आहेत ते विक्रीचे 2,30,000.

पुढच्या वेळी पैसा खरोखर साठवायचा असेल, तर त्यासाठी घसाऱ्याच्या नोंदीबरोबर दुसरी, पैशांची नोंद लागते. दर महिन्याला ठरलेली रक्कम वेगळ्या ठेवीत टाका: यंत्र बदल ठेव खाते नावे, बँक खाते जमा. ठेवीची रक्कम घसाऱ्याइतकी ठेवणं ही सुरुवात आहे, पण तेवढी पुरेलच असं नाही. घसारा जुन्या यंत्राची जुनी किंमत वाटून टाकतो. नव्या यंत्राची किंमत वाढलेली असेल, तर वरचा भाग ठेवीत जास्त टाकून किंवा कर्ज काढून भरावा लागेल.

नव्या यंत्राला घटत्या शिलकीची, म्हणजे दरवर्षी उरलेल्या पुस्तकी किमतीवर ठरावीक टक्के घसारा लावायची पद्धत घ्यायची का, हा प्रश्न तुमच्या भागीदारांकडून येईल असं वाटतं, म्हणून थोडक्यात. सुरुवातीला भरपूर काम देणारं आणि मग दुरुस्तीला येणारं यंत्र असेल, तर ती पद्धत योग्य बसते. पहिल्या वर्षांत घसारा जास्त आणि दुरुस्ती कमी, पुढे उलट. छपाईचं यंत्र साधारण एकसारखं काम देत असेल, तर सरळ रेषाच ठेवा. घटती शिल्लक घेतलीच, तर दर काढताना सांभाळा. सहा वर्षं म्हणून शंभराचे सहा भाग करून 16.67 टक्के दर लावतात, पण दरवर्षी उरलेल्या रकमेवर तो लावल्यावर 5,00,000 मधले सुमारे 1,67,450 सहा वर्षांनंतरही खर्चात न जाता उरतात. शेवटी 50,000 च उरायला हवे असतील, तर दर 31.87 टक्के येतो. तो तक्त्यात असा काढा:

```
=1-(50000/500000)^(1/6)
```

या पद्धतीत शेवटची किंमत दरातच धरलेली असते, म्हणून दर पूर्ण पुस्तकी किमतीला लावायचा, आधी 50,000 वजा करून मग लावायचा नाही. सरळ रेषेची सवय असलेले लोक ती वजाबाकी दोनदा करतात. शेवटची किंमत शून्य धरली तर हे सूत्र चालत नाही, कारण उरलेल्या रकमेचा ठरावीक भाग कमी करत गेलं तर ती कधीच शून्य होत नाही.

करासाठी लागणारा घसारा हा कायद्याने ठरवलेल्या दरांनी निघतो आणि तो वरच्या आकड्यांपेक्षा वेगळा येऊ शकतो. त्यासाठी वेगळा तक्ता ठेवा. खतावणीतला घसारा त्या दरांना जुळवण्यासाठी बदलत बसू नका, नाहीतर यंत्राचा खरा मासिक खर्च कुठेच लिहिलेला राहणार नाही.

तुमच्याकडे मालमत्तेची नोंदवही नसेल, तर ही दुरुस्ती करतानाच सुरू करा. एका यंत्राला एक पान: क्रमांक, वापराला तयार झाल्याची तारीख, किंमत आणि तिचे भाग, धरलेलं आयुष्य, शेवटची किंमत, दरवर्षीचा घसारा, विक्रीची तारीख. वर्षअखेरीला तीन गोष्टी तपासा. वहीतल्या सगळ्या किमतींची बेरीज यंत्र खात्याशी आणि सगळ्या घसाऱ्यांची बेरीज संचित घसारा खात्याशी जुळली पाहिजे. सुरुवातीचा संचित घसारा, अधिक वर्षाचा घसारा, वजा विकलेल्या यंत्रांचा घसारा, हे अखेरच्या शिलकीइतकं आलं पाहिजे. आणि कोणत्याही यंत्राचा संचित घसारा, किंमत वजा शेवटची किंमत, याच्या वर गेलेला नसावा. हे तिसरं बघायचं राहून जातं, म्हणून ठरलेलं आयुष्य संपलेल्या यंत्रावरही घसारा चालूच राहतो. यंत्र चालतंय म्हणून घसारा चालू ठेवायचा नसतो. सगळा भाग खर्चात गेला की नोंद थांबते, पण यंत्र कारखान्यात असेपर्यंत किंमत आणि संचित घसारा दोन्ही आकडे खात्यावर तसेच राहतात.

ही वही घेऊन वर्षातून एकदा छपाईच्या जागेत फेरी मारा आणि पानावरचा क्रमांक यंत्रावरच्या पट्टीशी जुळवा. वहीत आहे आणि जागेवर नाही, असं एखादं यंत्र सापडलं, तर त्याच्या विक्रीची किंवा भंगारात दिल्याची पावती शोधा. मग तारखेपर्यंतचा घसारा, संचित घसारा बाहेर काढणं आणि फरक तोट्याला किंवा नफ्याला, या वरच्याच क्रमाने नोंदी करा. भंगाराचे पैसे कुणी किरकोळ उत्पन्नात जमा केले असतील, तर आधी ते तिथून यंत्र खात्यात आणा. नाहीतर तेवढा तोटा जास्त दिसेल.